वाचून दाखवायला काही नसलेल्या पाच स्लाइड

आमच्या संस्थेत स्लाइड बघायची नसते, ऐकायची असते. पडद्यावर मजकूर येतो, बोलणारा समोरच्यांकडे पाठ करतो आणि पहिल्या शब्दापासून शेवटच्या पूर्णविरामापर्यंत वाचून काढतो. समोर बसलेली माणसं पदवीधर असतात, त्यात एखाददोन डॉक्टरही असतात. पण त्यांना वाचता येत नसावं, अशी आमची नम्र समजूत आहे.

या समजुतीचा उगम आमचे संचालक. त्यांना आम्ही सर म्हणतो. सर पूर्वी बरीच वर्षं एका सहकारी संस्थेचे सचिव होते. तिथे सभेची सुरुवात मागच्या सभेचं इतिवृत्त मोठ्याने वाचून, कायम करून होते. जे वाचलं ते सभेपुढे आलं, जे वाचलं नाही ते झालंच नाही. हा नियम सरांच्या अंगात इतका मुरला होता, की पडदा आला, प्रोजेक्टर आला, तरी त्यांच्या लेखी स्लाइड म्हणजे इतिवृत्ताचं पान. फक्त ते भिंतीवर लावायचं आणि त्यासाठी पडदे ओढून सगळ्यांना अंधारात बसवायचं. कुणी एखादी ओळ गाळली की सर मागून म्हणायचे, "तिसरा मुद्दा राहिला." मग बोलणारा मागे जाऊन तिसरा मुद्दा वाचायचा.

माझं काम अहवाल आणि प्रशिक्षण. म्हणजे इतरांनी केलेलं लिहायचं, आणि ते कसं करावं हे त्यांनाच शिकवायचं. वीस वर्षं नंदुरबारच्या आमच्या कार्यालयात बसून मी हे करते आहे. या वीस वर्षांत किती मुद्दे ऐकले ते विचारू नये. एक गोष्ट मात्र लवकर लक्षात आली. डोळे जिभेपेक्षा फार वेगाने वाचतात. बोलणारा दुसऱ्या ओळीवर असतो तेव्हा ऐकणाऱ्यांनी सगळी स्लाइड वाचून, बाजूच्याला चहा कधी आहे ते विचारून झालेलं असतं. उरलेल्या वेळात ते माणसाला ऐकत नाहीत, तो संपण्याची वाट बघतात.

हे मी सरांना सांगितलं होतं. ते म्हणाले, "मग हळू वाचायला सांगा."

तर त्या वर्षी पुण्याहून आढावा समिती येणार होती. सातपुड्यात, धडगावच्याही वर, एका आरोग्य केंद्राच्या आवारात संस्थेने एक खोली बांधली आहे. सहा खाटा, बाहेर चूल, मागे न्हाणी. आजूबाजूच्या पाड्यांवरच्या दिवस भरत आलेल्या बाया तिथे आठ-दहा दिवस आधी येऊन राहतात, सोबत सासू किंवा आई. कळा सुरू झाल्यावर बाईला झोळीत घालून डोंगर उतरायचा, तर पोर वाटेतच जन्मायचं. त्यापेक्षा आधीच खाली येऊन बसलेलं बरं, इतकी साधी कल्पना. या खोलीला पैसा देणाऱ्यांच्या समितीने पत्रात लिहिलं होतं, की वर्षभराची सरासरी पाहता खोलीचा वापर फार कमी आहे. तरी ती सुरू का ठेवावी, याचं दहा मिनिटांत सादरीकरण करावं. नाहीतर यंदापासून बंद.

सादरीकरण करायचं होतं सिस्टरने. ती खोली सिस्टर चालवते. नऊ वर्षं तिथेच राहते, बायांना तपासते, रात्री-बेरात्री आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना उठवते, आणि सासवांची भांडणं सोडवते. मूळची शहाद्याकडची, कळसाडीच्या शेतकरी घरातली. घरात अहिराणी, वर गेल्यावर पाड्यांवरची पावरी शिकली. दोन्हीत ती कुणाचंही ऐकून घेत नाही. पण माइकसमोर, साहेबांसमोर, पुस्तकी मराठीत बोलायचं म्हटलं की तिचा आवाज जातो. मागच्या दोन वर्षांत तिने सादरीकरण केलं होतं म्हणजे पडद्यावरचं वाचलं होतं, एका श्वासात, आपलं नावसुद्धा.

समितीपुढे असं वाचलं तर खोली जाणार, हे कळायला माझ्यासारख्या हुशार बाईची गरज नव्हती. पण मी होतेच, म्हणून कामाला लागले. आधीच्या वर्षीच्या चोवीस स्लाइड काढून टाकल्या. एका कागदावर मधोमध रेघ मारली. डावीकडे पडद्यावर काय दिसेल, उजवीकडे तोंडाने काय सांगायचं. नियम एकच: डावीकडचं वाक्य उजवीकडे सापडता कामा नये. पडद्यावर चित्र असेल तर तोंडाने चित्राचं कारण सांगायचं. आलेख असेल तर आलेखात न दिसणारं सांगायचं. प्रत्येक स्लाइडला एकच मुद्दा, त्याला मथळा म्हणून एक पूर्ण वाक्य, आणि स्लाइड कधी बदलायची ते उजवीकडच्या मजकुरात कंसात. मधे मधे मी सूचनाही घातल्या. येथे दोन क्षण थांबा. येथे थोडं हसा. येथे पडद्याकडे बघू नका.

उजवीकडचा मजकूर तर इतका झकास उतरला की मी तो दोनदा स्वतःलाच वाचून दाखवला. "दुर्गम भूप्रदेशातील मातेच्या प्रतीक्षेचा हा निवारा," अशी सुरुवात होती. लाज वाटावी असं काही आहे हे तेव्हा लक्षात आलं नाही.

सरांना कागद दाखवला. सरांनी चष्मा लावून उजवी बाजू सगळी वाचली. डाव्या बाजूकडे पाहिलंही नाही.

"उत्तम," ते म्हणाले. "फारच उत्तम. एवढं चांगलं लिहिलंय ते तोंडाने हवेत कशाला घालवता?"

मला वाटलं कौतुक संपलं. ते सुरू झालं होतं.

स्लाइड बनवायचं काम भाईंकडे असतं. भाईंचं नंदुरबारला छपाईचं दुकान आहे. त्यांच्या वडिलांचं होतं, त्याआधी आजोबांचं. लग्नपत्रिका, मिरची व्यापाऱ्यांची पावतीपुस्तकं, मदरशाच्या जलशाची पत्रकं, सगळं तिथे छापलं जातं. संगणक आल्यापासून आमच्या स्लाइडही. भाईंचा हात लग्नपत्रिकेचा असल्यामुळे आमच्या कुपोषणाच्या स्लाइडलाही चारी बाजूंनी वेलबुट्टी असते. ती काढायला सांगितली की ते दुखावतात, म्हणून फक्त समितीच्या वेळेला सांगते.

समिती यायच्या आदल्या दिवशी दुपारी सभागृहात सराव ठेवला. सिस्टर पहाटेच्या गाडीने डोंगरातून आली होती, पिशवीत खोलीचं रजिस्टर आणि डब्यात भाकरी. भाईंनी प्रोजेक्टर लावला. पहिली स्लाइड आली. वेलबुट्टी नव्हती. तिच्या जागी काठोकाठ मजकूर होता. माझा मजकूर, उजव्या बाजूचा.

सिस्टरने पडद्याकडे तोंड केलं आणि सुरुवात केली.

"दुर्गम भूप्रदेशातील मातेच्या प्रतीक्षेचा हा निवारा येथे दोन क्षण थांबा गेली नऊ वर्षे अविरत सेवा देत असून येथे थोडं हसा..."

ती हसली नाही. थांबलीही नाही. पुढच्या स्लाइडवर तिने पडद्याकडे एकटक बघत, खणखणीत आवाजात वाचलं, "येथे पडद्याकडे बघू नका."

भाई खुर्चीत मागे वळून माझ्याकडे बघू लागले. "ताई, सर बोलले मजकूर सगळा घाला, मी घातला. कंस पण मजकुरातच होते."

"वाचून बघायचं नाही का?"

"मी वाचून कमी करायला लागलो तर दुकान बंद होईल. एका पत्रिकेतून एका मामाचं नाव राहिलं होतं. ते लोक अजून दुकानात येत नाहीत."

सर पहिल्या रांगेत बसले होते. त्यांना सगळं छान वाटलं होतं. "ते हसा, थांबा एवढं काढून टाका," ते म्हणाले, "बाकी राहू द्या. एकही मुद्दा सुटत नाही."

मी म्हणाले, "सर, मग सिस्टर कशाला हव्यात? दिवे घालवू आणि समितीला वाचू देऊ."

"वाचणार कोण मग?" सरांनी विचारलं. त्यांनी ते खरोखरच विचारलं होतं.

ते जेवायला घरी गेले. मी कपाळाला हात लावला, आणि मग हात काढला, कारण कपाळाला हात लावून स्लाइड बदलत नाहीत. भाई चहा घेऊन आले. सिस्टर खुर्चीवर पाय वर घेऊन बसली होती. अंगातली माइकची भीती गेल्यावर ती लगेच मूळ आवाजात आली.

"ताई, तुम्ही लिखं चांगलं," ती म्हणाली. "पन त्यामा मन्ही खोली कोठे शे?"

"म्हणजे?"

"तुम्ही लिखं, बाया येतस. नही येतस. दिवाळीनंतर तठे कोनीच नही ऱ्हास. मी एकलीच ऱ्हास, आनि उंदीर."

मी तिला समितीच्या पत्रातली सरासरी दाखवली. म्हटलं, तेच तर ते म्हणताहेत.

"मंग बाया कशा येथीन? दिवाळी झायी का समद्या गुजरातमा ऊस तोडाले निंघी जातस. नवरासंगे, पोटुशी शेतस तरी. पाडावर फक्त म्हातारा-म्हातारी." तिने चहा बशीत ओतला. "आनि पावसायामा दखा. नाला भरी गया का तीन-तीन दिन उतरत नही. म्हनीसन बाया पहिलेच ई जातस. खाटा पुरत नहीत, मी खाले गोधड्या टाकस. त्या सगया महिना एकजागे मिसळीसन भागाकार करा, तर कमीच येई ना."

भाईंनी कप खाली ठेवला. "हे बराबर आहे," ते म्हणाले.

मी सिस्टरला विचारलं, हे आधी का नाही सांगितलं. नऊ वर्षांत एकदा तरी.

"कोनी इचारंच नही. आनि स्लाइडवर नव्हतं ते."

स्लाइडवर नव्हतं ते तिने सांगितलं नाही, आणि मला माहीत नव्हतं ते मी स्लाइडवर घातलं नाही. दोघी मिळून आम्ही खोली बंद करायच्या तयारीत होतो. सरांना नावं ठेवणं सोपं होतं. मीही तिला वाचायलाच लावत होते, फक्त चांगल्या मराठीत. पडद्यावरून काढून कागदावर घातलं म्हणजे वाचणं थांबत नाही. माझ्या त्या भूप्रदेशातल्या प्रतीक्षेपेक्षा उंदीर जास्त कामाचे होते.

मी कागद पालथा घातला. हे नाटकी वाटेल, पण तो पाठकोरा होता आणि मला मागच्या बाजूला लिहायचं होतं.

रजिस्टर उघडलं. सिस्टर महिना सांगत गेली, मी रेघा मारत गेले, भाईंनी तिथल्या तिथे बारा खांबांचा आलेख केला. जून ते ऑक्टोबर उंच, पुढे एकदम भुईसपाट, मार्चनंतर जरा डोकं वर. सरासरी कुठेही नाही. तोच आलेख पुन्हा पुढच्या स्लाइडवर, पण दिवाळीपासून होळीपर्यंतच्या महिन्यांमागे हिरवा पट्टा. पहिली स्लाइड म्हणजे सिस्टरच्या मोबाइलमधला फोटो: भरलेला नाला आणि पलीकडे उभी असलेली चार माणसं, खांद्यावर झोळी. दुसरी म्हणजे नकाशा, मधे खोली, भोवती पाडे, आणि प्रत्येक पाड्याशी किलोमीटर नाही तर चालायला लागणारे तास. शेवटच्या स्लाइडवर फक्त मागणी, दोन ओळींत. झाल्या पाच.

"वाचायचं काय मंग?" सिस्टरने विचारलं.

"काही नाही."

तिचा चेहरा असा झाला, जणू मी कठडा नसलेल्या पुलावरून जा म्हटलं. मला तिथे कळलं की वाचणं हा आळस नव्हता. आपलं मराठी ऐकून कुणी हसेल, या भीतीपोटी धरलेला तो कठडा होता. स्लाइडचं मराठी कुणाचंच नसतं, त्याला कुणी हसत नाही. तरी मी त्यावर व्याख्यान दिलं नाही. एक पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा घेतला, त्यावर पाच ओळी लिहिल्या, प्रत्येक स्लाइडला एक, तिच्याच तोंडून आलेले पहिले दोन-तीन शब्द. नाला भरी गया का. इतलं चालनं. गोधड्या. समद्या गुजरातमा. आम्हले काय पाहिजे. म्हटलं, एवढे शब्द दिसले की पुढचं येईल. आधी स्लाइड येऊ दे, लोकांना दोन क्षण बघू दे, मग बोल. ते वाचत असताना बोलायचं नाही, आणि तू बोलत असताना त्यांना वाचायला काही द्यायचं नाही.

"मराठीत बोलू का अहिराणीत?"

"जसं येईल तसं. पुण्याची माणसं आहेत, घाबरून का होईना लक्ष देतील."

चार वेळा सराव केला. पहिल्यांदा ती तीन मिनिटांत संपली, दुसऱ्यांदा एका सासूच्या भांडणात शिरली आणि चौदा मिनिटं लागली. चौथ्यांदा नऊ. स्लाइड बदलायची खूण ठरवली: सिस्टरने टेबलावर हात टेकला की भाई कळ दाबणार. कारण "पुढची स्लाइड" हे शब्द तिच्या तोंडून मला परत ऐकायचे नव्हते.

उरला सरांचा प्रश्न. मंजूर झालेला मजकूर गाळला तर सर सभागृहात उभे राहून तिसऱ्या मुद्द्याची आठवण करून देतील, याची मला खात्री होती. संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले. म्हटलं, सर, तुमचा सगळा मजकूर आम्ही छापील पुस्तिकेत घेतोय, समितीच्या प्रत्येक सदस्याला एक. कायमची नोंद राहील. पडद्यावरचं काय, दिवा गेला की गेलं.

सर विचारात पडले. "सगळा मजकूर?"

"पूर्णविरामासकट."

"मग पुस्तिका आधी वाटा. म्हणजे सिस्टर बोलत असताना त्यांना मागोमाग वाचता येईल."

हो म्हटलं. माझ्या घरी मी क्वचितच हो म्हणते, पण संस्थेत नेहमी म्हणते. तिथून थेट भाईंच्या दुकानात गेले. भाई पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर वेल लावत होते.

"भाई, बांधणीला किती वेळ लागेल?"

"रात्रीत होऊन जाईल, ताई."

"उद्या दुपारी बारा वाजेपर्यंत लागेल, असं मला वाटतं. सिस्टरचं पावणेबाराला संपतं."

भाईंनी वेल जरा डावीकडे सरकवली. "माझा भाचा आहे बांधणीला. त्याला सांगतो, घाई करू नको. तो तसाही करत नाही."

दुसऱ्या दिवशी समिती आली. तिघं होते. अध्यक्ष एक वयस्क डॉक्टरीणबाई, केस आखूड, हातात पेन, आल्याआल्या पंखा बंद करायला लावला. बाकी दोघं त्यांच्याकडे बघून मान हलवणारे. आधी सरांनी संस्थेच्या कार्याचं सादरीकरण केलं, एकतीस स्लाइड, एकही मुद्दा न सोडता. विसाव्या स्लाइडला मान हलवणाऱ्यांपैकी एकाची मान हलेनाशी झाली. डॉक्टरीणबाई वहीत काहीतरी रेखाटत होत्या. मी मागून पाहिलं, तर ती वेलबुट्टी होती. सरांच्या स्लाइडवरची.

मग सिस्टर.

फोटो आला. ती थांबली. सांगितल्याप्रमाणे दोन क्षण नाही, चांगले पाच-सहा. मला वाटलं अडकली. पण समितीचे तिघंही पुढे झुकून तो नाला बघत होते, पेन खाली होतं. मग ती म्हणाली, "हा नाला भरला की तीन दिवस उतरत नाही. झोळीत आहे ती वाचली. मी अलीकडे उभी होते."

झोळीतली वाचली, हे आम्हालाही माहीत नव्हतं.

नकाशा बरा गेला. ती पाड्यांची नावं घेत गेली आणि प्रत्येक पाड्याला कोण किती वाजता निघाली आणि केव्हा पोचली ते सांगत गेली. मराठी सुरू व्हायचं आणि वाक्याच्या शेवटी अहिराणीत उतरायचं. कुणी हसलं नाही. तिसरी स्लाइड, आलेख. पावसाळ्यातल्या गोधड्या झाल्या. आता रिकाम्या महिन्यांकडे वळायचं होतं. नेमका तिथेच तिने आधारासाठी टेबलावर हात टेकला.

भाईंनी इमाने इतबारे कळ दाबली.

हिरवा पट्टा आला. तिचं रिकाम्या महिन्यांबद्दल बोलणं अजून सुरूच व्हायचं होतं. तिने चाहूल लागल्यासारखं वळून पडद्याकडे पाहिलं. दोन वर्षांची सवय, वाचायला काहीतरी शोधत होती. पडद्यावर बारा खांब, एक हिरवा पट्टा, आणि मथळा: या महिन्यांत खोली रिकामी असते. पुठ्ठ्यावरच्या चौथ्या ओळीकडे तिचं लक्षच गेलं नाही.

"हा हिरवा रंग कशाचा?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

मी खुर्चीच्या कडेवर आले. सर उठायच्या बेतात होते, बहुधा हिरव्या रंगाचा मुद्दा वाचायला.

"ऊस," सिस्टर म्हणाली.

"म्हणजे?"

"ऊस शे तो. गुजरातमा." ती आता परत पडद्याकडे पाठ करून उभी होती. "मॅडम, खोली रिकामी ऱ्हास, कारण बाया आठे नहीत. पोट घेऊन ऊस तोडतात. माझ्या रजिस्टरमधल्या सात बाया मागच्या हिवाळ्यात तिकडेच बाळंत झाल्या. फडावर. झोपडीत. एक मला होळीला भेटली, पोर नव्हतं संगे. मी विचारलं नाही. सरासरीत ती पण शे, रिकाम्या खाटेत."

डॉक्टरीणबाईंनी वहीचं पान उलटलं. "त्या निघण्याआधी तुमच्याकडे येतात?"

"येतस. चिठ्ठी मागतात. तिकडे कोणी विचारलं तर दाखवायला. मी लिहून देते, पण तिकडे कोण वाचतो."

भाईंनी ठरलेलं नसताना एक गोष्ट केली. पडदा काळा केला. एक कळ असते तशी, बोलणाऱ्याकडे लक्ष राहावं म्हणून. मी त्यांना कधी शिकवली नव्हती. आता खोलीत बघण्यासारखी फक्त सिस्टर होती, आणि ती बोलत होती. प्रश्नांना, उलटप्रश्नांना. मान हलवणाऱ्यांपैकी एकाने विचारलं की हे सगळं कुठे नोंदलेलं आहे, तेव्हा तिने पिशवीतून रजिस्टर काढून त्याच्यासमोर टेकवलं. शेवटची स्लाइड लागलीच नाही. मागणी तिने आधीच सांगून टाकली होती: पावसाळ्यात खोली आहे तशी हवी, आणि हिवाळ्यात तिला फडांवर जाऊ द्यावं.

ही दुसरी मागणी माझ्या स्लाइडवर नव्हती. मी लिहिलं होतं, हिवाळ्यात खोलीची डागडुजी.

ती खाली बसली तेव्हा सर उठले. "आता उर्वरित मजकूर मी थोडक्यात..."

तेवढ्यात दार उघडून भाईंचा भाचा आत आला, हातात पुस्तिकांचा गठ्ठा. डॉक्टरीणबाईंनी एक उघडली, पहिलं पान पाहिलं, आणि मिटून पर्समध्ये टाकली. "आम्ही वाचू," त्या सरांना म्हणाल्या. सरांना ते पुरेसं वाटलं. कुणीतरी वाचणार होतं.

महिन्याभराने समितीचं पत्र आलं. मी ते सरांच्या आधी उघडलं, कारण टपाल माझ्याकडे येतं. लिहिलं होतं, की संचालकांचं सादरीकरण परिपूर्ण व माहितीपूर्ण होतं. सिस्टरच्या सादरीकरणात स्लाइडवरील मजकूर अपुरा होता, यापुढे काळजी घ्यावी. मात्र खोली सुरू ठेवावी. फडांवर जाण्याबाबत स्वतंत्र प्रस्ताव पाठवावा, सिस्टरशी चर्चा करूनच.

सरांनी पत्र दोनदा वाचलं, मोठ्याने. अपुऱ्या मजकुराच्या ओळीवर माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, हो सर, काळजी घेऊ.

मग सिस्टरला फोन लावला. वर रेंज एका दगडापाशीच येते, ती धावत आली असावी, दम लागला होता. तिला पत्र वाचून दाखवायचं म्हणून मी हातात घेतलं होतं. घेतलं आणि खाली ठेवलं.

"खोली राहिली," मी सांगितलं.

पलीकडे पाऊस होता, नीट ऐकू येत नव्हतं. "काय लिखं शे त्यामा?" तिने विचारलं.

"तेच. आणि फडाचं काय करायचं ते तुला विचारूनच ठरवणार."

"बरं," ती म्हणाली. "मी नंतर बोलस, ताई. दोन बाया उन्यात खोलीवर, पावसामा भिजेल शेतस." आणि फोन ठेवला.